ओटीपी सांगितलाच नाही, तरी पैसे गेले कसे?

(पडद्यावर फक्त शीर्षक. निवेदक खुर्चीत बसून, सावकाश बोलतो. मागे संगीत नको, ऐकायला त्रास होतो.)

राम राम मंडळी. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे तुम्ही टीव्हीवर, बँकेत, नातवाकडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते पाठ झालंय. ते सांगायला मी आलेलो नाही. आज ज्या फोनबद्दल बोलायचंय, त्यात समोरचा माणूस ओटीपी मागतच नाही. उलट तोच आपल्याला बजावतो, "काका, ओटीपी कुणालाही सांगू नका बरं, मलासुद्धा नाही." आपल्याला वाटतं, माणूस सरळ दिसतोय. आणि अर्ध्या तासात खातं रिकामं होतं.

हे कसं होतं ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी आज खरोखर वापरली जाते. समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला एक निवृत्त शिक्षक राहतात. आपण त्यांना नुसतं गुरुजी म्हणू. मुलगा पुण्याला, घरी दोघंच. पेन्शन बँकेत जमा होते, खात्यात 1 लाख 12 हजार आहेत आणि 3 लाखांची मुदत ठेव आहे. महिना नोव्हेंबरचा, म्हणजे हयातीच्या दाखल्याचे दिवस. सकाळचे 11 वाजून 10 मिनिटं झालीत.

(फोन वाजतो. दोन आवाज.)

"नमस्कार गुरुजी, बँकेच्या हेड ऑफिसातून बोलतोय. तुमची केवायसी संपलेली आहे. आज दुपारी दोनला खातं बंद होणार आहे."

"अहो, मागंच तर कागद दिलेत सगळे. कोण बोलायलंय?"

"गुरुजी, ते जुन्या बँकेचे कागद होते. विलीनीकरण झालं ना, नव्या सिस्टीमला ते चढलेच नाहीत. तुमच्यासारख्या पेन्शनरांची यादी माझ्यासमोर आहे. दोनच्या आत झालं नाही तर या महिन्याची पेन्शन अडकेल आणि हयातीचा दाखलाही परत करावा लागेल."

(निवेदक.)

इथं जरा थांबू. आपल्याकडं कितीतरी म्हातारी माणसं आजही "हैदराबाद बँकेत चाललोय" असंच म्हणतात. ती बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. 1 मे 2025 ला राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक झाल्या. या गोष्टी पेपरात येऊन गेल्यात, त्या कुणालाही माहीत असू शकतात. फोन करणाऱ्यानं विलीनीकरणाचं नाव घेतलं म्हणून तो बँकेतला ठरत नाही. नोव्हेंबरात पेन्शनरांना दाखल्याची काळजी असते, हेही सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याला गुरुजींचं काहीच माहीत नसलं तरी एवढ्यावर तो अर्धी बाजी मारतो.

आता "दोन वाजता खातं बंद" याचं बघू. सगळा फोन याच एका वाक्यावर उभा आहे. केवायसी वेळोवेळी नवी करावी लागते हे खरं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमात साध्या, कमी जोखमीच्या खातेदाराला ती 10 वर्षांतून एकदा करायची असते. ती तारीख येण्याआधी बँकेनं निदान तीनदा कळवायचं, त्यातलं एकदा तरी कागदी पत्रानं. तारीख उलटून गेली तरी आणखी तीनदा आठवण करायची, तीही एकदा पत्रानं. आणि पत्ता, नाव काहीच बदललेलं नसेल तर "बदल नाही" असं आपण स्वतः लिहून दिलं तरी चालतं. आता तुम्हीच सांगा, पत्रं पाठवून वाट बघणारी बँक सकाळी 11 ला फोन करून दुपारी 2 ला खातं कशाला बंद करेल?

पण गुरुजींना हे कुणी सांगितलेलं नाही. ते घाबरतात. घाबरले तरी शहाणे आहेत, म्हणून विचारतात.

(परत फोन.)

"तुम्ही बँकेतलेच कशावरून?"

"विचारलंत ते बरं केलं. तुमच्या एटीएम कार्डाचे पहिले सहा आकडे मी सांगतो, तुम्ही कार्डावर बघून ताडून घ्या."

(निवेदक. पडद्यावर एटीएम कार्डाचं चित्र, पहिले सहा आकडे पिवळ्या रंगात.)

तो सांगतो, आणि आकडे जुळतात! इथं चांगली चांगली माणसं फसतात. गोम अशी आहे की कार्डाचे पहिले आकडे तुमचे नसतातच. ते बँकेचे आणि त्या प्रकारच्या कार्डाचे असतात. एकाच बँकेच्या एकाच प्रकारच्या लाखो कार्डांवर ते सारखेच. तुमचं कार्ड शेजारच्या काकूंच्या कार्डाशेजारी ठेवून बघा, बँक आणि कार्डाचा प्रकार सारखा असेल तर सुरुवात सारखीच दिसेल. म्हणजे त्याला फक्त तुमची बँक कुठली हे माहीत हवं. आणि ते तर बोलता बोलता तुम्हीच सांगितलेलं असतं.

कधी कधी त्याला तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडेही माहीत असतात. अशा याद्या चोरीला जातात, विकल्या जातात. म्हणून "त्याला माझं सगळं माहीत होतं" ही ओळख नव्हे. ट्रूकॉलरवर बँकेचं नाव दिसणं, व्हॉट्सॲपच्या गोल फोटोत बँकेचं चिन्ह असणं, हेही काही पुरावा नाही. ते चित्र कुणीही लावू शकतो.

(परत फोन.)

"गुरुजी, बँकेत यायची गरज नाही, या उन्हात कशाला येता? मी व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवतो. ती उघडून फॉर्म भरा. फोन कट करू नका, मी सोबत आहे. आणि एक लक्षात ठेवा, ओटीपी आला तर कुणालाही सांगू नका, मलाही नाही."

(निवेदक. पडद्यावर व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलचं चित्र. नावाच्या शेवटी .apk ही अक्षरं मोठी करून दाखवा, आणि हा भाग होईपर्यंत पडद्यावरच राहू द्या.)

आता या चार खुणांकडं नीट बघा. टिंब, ए, पी, के. इंग्रजी येत नसलं तरी हे चित्र लक्षात ठेवा. फोटो आला तर तो फोटो असतो, पत्र आलं तर ते वाचायचा कागद असतो. पण नावाच्या शेवटी .apk असलं की ते ॲप असतं, म्हणजे तुमच्या फोनमध्ये राहायला येणारा प्रोग्राम. केवायसीची फाईल म्हणून येते, आरटीओचं चलान म्हणून येते, लग्नाची पत्रिका म्हणूनसुद्धा येते. कुठलीही बँक आपलं ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. बँकेचं ॲप प्ले स्टोअरमधून घ्यायचं असतं.

इथं गोंधळ होण्यासारखी एक गोष्ट आहे, ती सांगून टाकतो. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून करता येतो हे खरं आहे. "जीवन प्रमाण" नावाची सरकारी सोय आहे. पण तिचंही ॲप प्ले स्टोअरवरूनच घेतात, आणि ते आपण आपल्या सोयीनं, मुलाला नाहीतर सेवा केंद्रातल्या पोराला जवळ बसवून करतो. त्यासाठी कुणी फोन करून फाईल पाठवत नाही.

गुरुजी फाईल दाबतात. फोन स्वतःच अडवतो, इशारा दाखवतो की हे अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, धोका होऊ शकतो. फोन बिचारा आपलं काम करतोय. पण कानाशी तो माणूस आहे. तो म्हणतो, "तो मेसेज सगळ्यांनाच येतो गुरुजी, खाली Allow आहे ते दाबा." मग ॲप उघडतं आणि विचारतं, मेसेज वाचू देऊ का? गुरुजी परत Allow दाबतात.

चोरी इथं झाली. पैसे अजून गेलेले नाहीत, पण कुलूप इथं उघडलं. मेसेज वाचायची परवानगी देणं म्हणजे आपल्या दारातल्या टपालपेटीवर परका माणूस बसवणं. येणारं प्रत्येक पत्र तो आधी फोडतो, वाचतो, आणि वाटलं तर आपल्यापर्यंत येऊच देत नाही. यापुढं बँकेचा जो ओटीपी येईल त्याची नक्कल त्याच क्षणी चोराच्या फोनवर जाते. गुरुजींनी तोंडातून एक आकडा काढायची गरज उरली नाही. म्हणूनच तो इतक्या मोठ्या मनानं सांगत होता, मलाही सांगू नका!

ओटीपी मिळायची सोय झाली, पण त्याला बाकीचं पण लागतं. ते त्या ॲपमधल्या फॉर्ममध्ये गुरुजी स्वतः भरतात. फॉर्म बँकेच्याच रंगात, वर बँकेचं चिन्ह. खाते नंबर, जन्मतारीख, कार्डाचा पूर्ण नंबर, कार्डाची मुदत, मागचे तीन आकडे. हे सगळं एकत्र झालं की कार्डावरून ऑनलाईन खरेदी करता येते, काही बँकांमध्ये नेटबँकिंगही नव्यानं सुरू करता येतं. पिन विचारला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी यांवर अनेक बँकांत नवा यूपीआय पिनच तयार होतो.

शेवटी तो म्हणतो, "झालं गुरुजी. आता चोवीस तास हे ॲप काढू नका आणि फोन बंद करू नका, नाहीतर सगळं परत करावं लागेल."

11 वाजून 40 मिनिटांनी फोन ठेवला. गुरुजी जेवायला बसले. 11 वाजून 52 मिनिटांनी 49 हजार गेले, मग 48 हजार. त्यानंतर मुदत ठेव मोडली गेली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नेटबँकिंग हातात आलं की अनेक बँकांत ठेव घरबसल्या मोडता येते, किंवा तिच्यावर कर्ज उचलता येतं. आपल्याला वाटतं ठेव म्हणजे तिजोरीत आहे, पावती कपाटात आहे. पावती कपाटातच राहते. गुरुजींना एकही मेसेज दिसला नाही, कारण असली काही ॲप आलेला मेसेज दिसूच देत नाहीत.

(थोडा वेळ शांतता. मग निवेदक.)

मग खरा फोन आणि खोटा फोन ओळखायचा कसा? नंबरवरून थोडं कळतं. बँकांनी कामाचे फोन 1600 नं सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे, आणि जाहिरातीचे 140 नं सुरू होणाऱ्या नंबरवरून, असा नियम आता आहे. दहा आकडी साध्या मोबाईलवरून "हेड ऑफिस" बोलत असेल तर तिथंच पाल चुकचुकली पाहिजे.

पण मी तुम्हाला नुसत्या नंबरावर सोडणार नाही, कारण आपल्याकडचं वास्तव वेगळं आहे. गावाकडच्या शाखेतला कारकून, पतसंस्थेतला पोरगा आपल्याला स्वतःच्याच मोबाईलवरून फोन करतो. "काका, आधारची झेरॉक्स राहिलीय, आणून द्या." तो खराच असतो! तो साध्या नंबरवरून बोलला म्हणून चोर ठरत नाही. मग फरक कुठं आहे? तो तुम्हाला शाखेत बोलावतो. आज जमलं नाही तर सोमवारी या म्हणतो, आणि फोन ठेवतो. चोर याच्या नेमकं उलट करतो. शाखेत येऊ नका म्हणतो, फोन कट करू नका म्हणतो, घरात कुणाला विचारू नका म्हणतो. तो तुम्हाला फोनवर अडकवून ठेवतो, कारण तुम्ही फोन ठेवलात, चहा घेतला आणि शेजाऱ्याला विचारलंत की त्याचा खेळ संपला.

म्हणून तपासायचं असेल तर त्याला प्रश्न विचारत बसू नका. त्याच्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. एकच वाक्य म्हणा, "मी शाखेत येऊन करतो," आणि फोन ठेवा. हे म्हणताना उद्धट वाटेल अशी भीती आपल्या पिढीला असते. समोरचा "गुरुजी, गुरुजी" करत असताना फोन कसा आपटायचा? तर आपटू नका, पण ठेवा. मग कार्डाच्या मागं छापलेला नंबर किंवा पासबुकावरचा शाखेचा नंबर स्वतः लावा. त्यानं दिलेला नंबर नको. इंटरनेटवर शोधून सापडलेला तर मुळीच नको, तिथंही चोरांनी आपले नंबर बँकेच्या नावानं टाकून ठेवलेले असतात.

(पडद्यावर मोठ्या आकड्यांत: 1930)

आता गुरुजींकडं परत. 12 वाजून 20 मिनिटांनी ते सहज शिल्लक बघायला जातात आणि लक्षात येतं. इथून पुढचा अर्धा तास फार किमतीचा आहे, आणि बहुतेक घरांत तो रागवण्यात जातो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं फोन उचलायला?" पोरांनो, तुम्ही हे बघत असाल तर ते नंतर बोला.

सगळ्यात आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करायचं, वायफायही. मग सिमकार्ड काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकायचं. साध्या फोनमध्ये ते चोरटं ॲप नाही, त्यामुळं पुढचे ओटीपी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आपल्याला बँकेचे मेसेजही दिसू लागतात. हा दोन मिनिटांचा उपाय आहे. पण घाबरून फोन फॉरमॅट करू नका. ते ॲप, ते व्हॉट्सॲप, तो नंबर पोलिसांना दाखवायचा असतो.

लगेच 1930 लावायचा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. ते विचारतील, कुठली बँक, खाते नंबर काय, किती पैसे, किती वाजता, आणि व्यवहाराचा नंबर. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो. नाही सापडला तरी फोन लावायला थांबू नका. तिथं नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर ते तिथंच रोखता येतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतात आणि एटीएममधून काढतात. म्हणून 12 वाजून 25 मिनिटांनी लावलेला फोन आणि रात्री मुलगा आल्यावर लावलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सगळे पैसे परत येतीलच असं मात्र मी म्हणणार नाही. जेवढे अडकले तेवढेच हाती लागायची आशा, आणि तेही मिळायला वेळ जातो. फोन लागत नसेल तर cybercrime.gov.in या ठिकाणी तक्रार नोंदवता येते, ते मात्र पोरांकडून करून घ्या.

त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेलाही कळवायचं. कार्ड बंद, नेटबँकिंग बंद, यूपीआय बंद. तक्रारीचा नंबर आणि वेळ कागदावर लिहून घ्यायची. यामागं एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणं खातेदारानं स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची. गुरुजींनी 12 वाजून 30 ला कळवलं आणि 12 वाजून 50 ला आणखी 50 हजार गेले, तर ते 50 हजार बँकेनं भरायचे. पण 12 वाजून 30 ला कळवलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी तो कागद.

ज्यांचं काही गेलेलं नाही त्यांनी या आठवड्यात शाखेत जाऊन एक काम करून यावं. एटीएम कार्डावरचे ऑनलाईन व्यवहार बंद करता येतात, रोजची मर्यादा कमी करता येते. ही सोय बँकांनी द्यायचीच आहे. तुम्ही फक्त एटीएममधून पैसे काढत असाल तर बाकीचं चालू कशाला ठेवायचं? नेटबँकिंग वापरत नसाल तर तेही बंद करा. आणि जमत असेल तर बँकेला जोडलेलं सिम साध्या फोनमध्येच ठेवा. नातवंडांचे फोटो बघायचा मोठा फोन वेगळा, पेन्शनचा फोन वेगळा. ज्या फोनवर .apk उघडतच नाही, त्यावर हा चोर काय करणार?

एक शेवटचं. पैसे गेल्यावर पंधरा दिवसांनी, महिन्यानं गुरुजींना आणखी एक फोन येऊ शकतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 3 लाख आम्ही अडवलेत, सोडवायला 8 हजार भरा." त्याला तक्रारीची तारीखसुद्धा माहीत असेल. पैसे परत मिळवायला पोलीस किंवा 1930 कुणाकडूनही फी घेत नाहीत. असा फोन आला तर तोही ठेवायचा, आणि तक्रारीचा कागद घेऊन वसमतच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारायचं.

(पडद्यावर 1930 हा आकडा आणि त्याखाली बँकेचा नंबर लिहायला रिकामी ओळ. एक मिनिटभर तसाच ठेवा, म्हणजे लिहून घेता येईल.)